आवाज पुढे, कर्सर मागे: डेमो व्हिडिओची स्क्रिप्ट क्लिकवार कशी लिहायची

लक्षण ओळखीचं आहे. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते दाखवणारा व्हिडिओ तयार झाला, आवाज स्वच्छ आहे, पडदा स्पष्ट आहे, तरी बघणारा मध्येच अडकतो. निवेदक "OK करा" म्हणतो तेव्हा कर्सर अजून यादी उघडण्यातच असतो. किंवा उलट होतं, खिडकी उघडून, भरून, मिटलीसुद्धा आणि निवेदक अजून टॅबचंच नाव घेतोय. मग एडिटिंगमध्ये आवाजाचे तुकडे मागेपुढे सरकवले जातात. एक जागा जुळते तेवढ्यात पुढची हलते, आणि पुढच्या व्हिडिओला पुन्हा तीच कसरत.

दोष एडिटिंगचा क्वचितच असतो, तो स्क्रिप्टमध्ये असतो. खात्री करायची तर व्हिडिओ लावा आणि निवेदकाचं प्रत्येक वाक्य संपलं की पॉज करा. त्या वाक्यात जे सांगितलं तेवढंच, कमी नाही आणि जास्त नाही, पडद्यावर झालेलं दिसायला हवं. थोडाफार, सेकंदभराचा फरक असेल तर तो एडिटिंगने सुटेल. पण एका पूर्णविरामाशी थांबल्यावर पडद्यावर चार गोष्टी बदलून गेलेल्या असतील, तर त्या वाक्याचा कुठला शब्द कुठल्या क्लिकला जोडायचा हेच ठरलेलं नाही. अशा वाक्याचं एडिटर काही करू शकत नाही.

एक नेहमीचा परिच्छेद

कामांची यादी असलेली एक्सेल शीट घ्या. C रकान्यात कामाची स्थिती आहे, ओळ 2 ते 20. तिथे हाताने काहीही लिहिण्याऐवजी ठरलेले तीन पर्याय निवडता यावेत, एवढंच दाखवायचं आहे. अशी स्क्रिप्ट साधारण या वळणाची असते:

"आता आपण स्थितीच्या रकान्यात पर्यायांची यादी लावू. त्यासाठी रकाना निवडून Data टॅबमधून Data Validation उघडा आणि List निवडून Source मध्ये पर्याय टाकून OK करा. यामुळे प्रत्येक ओळीत बाण दिसेल आणि चुकीच्या नोंदी टळतील."

वाचायला यात काही खटकत नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. स्क्रिप्ट तपासणारा ती कागदावर वाचतो, त्याला सलग, ओघवतं वाक्य आवडतं, तो मान्यता देतो. पडद्यावर मात्र त्या मधल्या एका वाक्यात आठ क्रिया आहेत: सेल निवडणं, Data टॅब, Data Validation, Allow ची चौकट उघडणं, List, Source च्या चौकटीत क्लिक, टायपिंग आणि OK. वाक्य 17 शब्दांचं आहे. सावकाश निवेदनात 100 शब्दांना 55 सेकंद लागतात असं धरलं, तर सेकंदाला साधारण 1.8 शब्द होतात आणि हे वाक्य साडेनऊ सेकंदांत संपतं. म्हणजे एका क्रियेला जेमतेम सव्वा सेकंद, आणि त्यातच तीन शब्द टाइपही करायचे. आवाज पुढे धावतो तो यामुळे.

(55 सेकंद हा आकडा उदाहरणापुरता. ज्याचा आवाज असणार आहे त्याच्याकडून 100 शब्द वाचून घ्या आणि घड्याळ लावा. त्याचा आकडा हाच तुमचा आकडा.)

'ऊन' शोधा

मराठीत क्लिक लपतात ते मुख्यतः ऊन-प्रत्ययात. "उघडून, निवडून, टाकून, जाऊन" अशी साखळी लावली की पाच क्रिया एका वाक्यात बसतात आणि व्याकरण कुठेही तक्रार करत नाही. म्हणून दुरुस्तीची पहिली पायरी अगदी यांत्रिक आहे. स्क्रिप्टच्या फाइलमध्ये Ctrl+F दाबून आधी "ून" शोधा, मग "ऊन". पहिल्या शोधात "करून", "उघडून" सापडतील, दुसऱ्यात "जाऊन", "घेऊन". प्रत्येक ठिकाणी विचारायचं, इथे पडद्यावर काही बदलतं का? बदलत असेल तर वाक्य तिथे तोडायचं आणि "उघडून"चं "उघडा" करायचं.

या शोधात "पासून", "म्हणून" असले शब्दही येतील, ते सोडून द्या. "मधून" मात्र सोडू नका. "Data टॅबमधून Data Validation उघडा" यात टॅबवरचा क्लिक त्या "मधून"मध्येच दडलेला आहे. टॅब आधीपासून उघडा असेल तरच तो शब्द निर्दोष.

वरच्या परिच्छेदावर हा शोध चालवला तर मधल्या वाक्यात चार जागा सापडतात: निवडून, टॅबमधून, निवडून, टाकून. त्यात "उघडा" आणि "करा" ही दोन सरळ क्रियापदं मिळवली की सहा क्रिया झाल्या. पण पडद्यावर आठ होत्या. उरलेल्या दोन, म्हणजे Allow ची चौकट उघडणं आणि Source मध्ये क्लिक करणं, स्क्रिप्टमध्ये नाहीतच. सॉफ्टवेअर रोज वापरणाऱ्याच्या हाताला ते क्लिक वेगळे जाणवत नाहीत, त्यामुळे आठवणीतून लिहिताना ते सुटतात. शब्द कितीही शोधले तरी ते सापडणार नाहीत, त्यासाठी पडदाच बघावा लागतो.

आधी मुकं रेकॉर्डिंग, मग शब्द

आवाज न देता ते काम एकदा सावकाश करा आणि पडदा रेकॉर्ड करा. नंतर ते व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये लावून, जिथे जिथे पडद्यावर काही बदलतं तिथे थांबा आणि एक ओळ लिहा. बदल नेमका कुठे होतो ते कळत नसेल तर व्हीएलसीमध्ये E दाबल्यावर चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं. या टप्प्यावर निवेदनाचं वाक्य लिहायचं नाही. फक्त दोन रकाने भरायचे: काय केलं आणि त्यामुळे पडद्यावर काय बदललं. दुसरा रकाना भरता येत नसेल तर ती पायरी नाही, हाताची सवय आहे, आणि ती रेकॉर्डिंगमधूनही काढून टाकावी. निरर्थक फिरणारा कर्सर बघणाऱ्याला खुणेसारखा वाटतो.

या दोन रकान्यांना तिसरा जोडला की स्क्रिप्ट तयार होते. आपल्या उदाहरणात पहिलं वाक्य, "आता आपण स्थितीच्या रकान्यात पर्यायांची यादी लावू", स्थिर शीटवर तसंच राहील. त्यानंतर:

| क्र. | क्रिया | पडद्यावरचा बदल | निवेदन |
|---|---|---|---|
| 1 | C2 ते C20 ओढणे | 19 सेल निवडलेले | सी दोनपासून सी वीसपर्यंत माउस खाली ओढा. |
| 2 | Data टॅब | रिबन बदलते | वरच्या पट्टीत, Data टॅबवर क्लिक करा. |
| 3 | Data Validation | खिडकी उघडते | उजवीकडे, Data Tools गटात, Data Validation च्या चित्रावर क्लिक करा. |
| 4 | Allow ची चौकट | यादी खाली उघडते | खिडकी उघडली. Allow खालच्या चौकटीत Any value आहे, तिथे क्लिक करा. |
| 5 | List | Source ची चौकट येते | उघडलेल्या यादीत List वर क्लिक करा. |
| 6 | Source मध्ये क्लिक | चौकटीत कर्सर | खाली Source ही नवी चौकट आली. तिच्या आत क्लिक करा. |
| 7 | टायपिंग | बाकी,चालू,पूर्ण | टाइप करा: बाकी, स्वल्पविराम, चालू, स्वल्पविराम, पूर्ण. |
| 8 | OK | खिडकी मिटते, C2 शेजारी बाण | खाली OK वर क्लिक करा. |
| 9 | बाणावर क्लिक | तीन पर्याय दिसतात | खिडकी मिटली. सी दोनच्या उजव्या कडेला बाण आला, त्यावर क्लिक करा. |
| 10 | काही नाही | तसाच | तीन पर्याय उघडले. |

पाचवी आणि सहावी ओळ नीट बघा. Source ची चौकट खिडकीत सुरुवातीला नसते, List निवडल्यावरच ती येते. जुन्या स्क्रिप्टमध्ये "Source मध्ये पर्याय टाका" असं म्हणेपर्यंत बघणारा ती चौकट शोधत बसतो, कारण त्याच्या पडद्यावर अजून Any value आहे आणि Source नावाचं काहीच दिसत नाही. "नवी चौकट आली" हे दोन-तीन शब्द इथे जास्तीचे नाहीत.

मुक्या रेकॉर्डिंगने आणखी एक चूक पकडली. जुनी स्क्रिप्ट म्हणते, "प्रत्येक ओळीत बाण दिसेल." तो दिसत नाही. एक्सेलमध्ये बाण फक्त ज्या सेलवर तुम्ही असता त्याच्या शेजारी येतो. ओढायला C2 पासून सुरुवात केली म्हणून OK नंतर तो C2 शेजारी दिसतो, बाकी अठरा सेल कोरेच दिसतात. वाक्य ऐकून बघणारा "माझ्याकडे एकच बाण का?" म्हणत पायऱ्या पुन्हा करत बसेल. "चुकीच्या नोंदी टळतील" हेही अर्धंच खरं आहे, कारण दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केलेली नोंद ही तपासणी चुकवून आत जाते. ते सांगायचंच असेल तर दहाव्या ओळीनंतर, पडदा शांत असताना, वेगळ्या वाक्यात सांगा.

क्लिक "करा"वर पडला पाहिजे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि या कामात ही मोठी सोय आहे. "वरच्या पट्टीत" म्हणेपर्यंत बघणाऱ्याची नजर वर जाते, "Data टॅबवर" म्हणेपर्यंत नाव सापडतं, आणि "क्लिक करा" येतं तेव्हा तो तयार असतो. कर्सरही त्याच क्रमाने हलवा. जागेच्या शब्दांवर निघावा, नावावर पोहोचावा, तिथे अर्धा सेकंद थांबावा आणि "करा"वर क्लिक व्हावा. क्लिकच्या वाक्यात ठिकाण, नाव, क्रिया हा क्रम कधीही मोडू नका.

इंग्रजी स्क्रिप्टवरून केलेल्या भाषांतरात हाच क्रम उलटतो. तिथे क्रिया आधी आणि जागा शेवटी असते, त्यामुळे मराठीत "Data टॅबवर क्लिक करा, जो वरच्या पट्टीत आहे" असली वाक्यं येतात. "करा" ऐकून बघणारा क्लिक करायला जातो तर जागा अजून सांगितलेलीच नाही. रेकॉर्डिंग इंग्रजी क्रमाने केलेलं असेल तर गोंधळ दुप्पट होतो, कारण चित्रात क्लिक वाक्याच्या सुरुवातीला पडतो आणि आवाजात शेवटी. अशा वेळी आवाज सरकवत बसू नका. पडदा नव्याने रेकॉर्ड करा, त्याला कमी वेळ लागतो.

काळाचंही तसंच. आज्ञा क्लिकच्या आधी, आज्ञार्थात: "क्लिक करा." परिणाम क्लिकनंतर, भूतकाळात: "खिडकी उघडली." स्क्रिप्टमध्ये "दिसेल", "उघडेल", "येईल" असा भविष्यकाळ सापडला तर बहुधा ते वाक्य पडदा न बघता लिहिलेलं असतं. शिवाय "खिडकी उघडेल" म्हणताना खिडकी आधीच उघडलेली असेल तर बघणारा दुसऱ्या खिडकीची वाट बघतो. क्लिक आणि परिणामाचं वाक्य यांत एक सेकंद शांतता ठेवा, बदल डोळ्यांना दिसायला तेवढी लागते.

काही पडदे लगेच येत नाहीत. अहवाल कधी चार सेकंदांत येतो, कधी नऊ. तिथे सेकंद मोजून वाक्य बसवायला गेलात तर पुढच्या रेकॉर्डिंगला ते चुकेलच. स्क्रिप्टमध्ये "[अहवाल येईपर्यंत थांबा]" असं लिहा, निवेदन अहवाल आल्यावरच सुरू करा आणि मधली रिकामी जागा एडिटिंगमध्ये कापा. वाक्य लांब आणि चित्र छोटं झालं तर शेवटची फ्रेम गोठवून चित्र लांबवा. आवाजाचा वेग वाढवायचा नाही. ते लगेच कानाला कळतं.

नाव घेतलं, पण पडद्यावर ते नाव कुठे आहे?

वाक्य आणि क्लिक जुळूनही लोक अडकतात अशी एक जागा राहते. एक्सेलची रिबन खिडकीच्या रुंदीप्रमाणे आक्रसते. मोठ्या मॉनिटरवर Data Validation हे नाव चित्राशेजारी लिहिलेलं दिसतं, खिडकी अरुंद केली की नाव गळतं आणि फक्त चित्र उरतं. अरुंद खिडकीत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत निवेदक जे नाव घेतो ते पडद्यावर कुठेच नसतं. स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं प्रत्येक नाव त्या क्षणी पडद्यावर वाचता येतं का, हे मुक्या रेकॉर्डिंगवर ताडून बघा. येत नसेल तर खिडकी रुंद करा, किंवा चित्र कसं दिसतं ते सांगा.

शिवाय त्याच बटणाला शेजारी छोटा बाण आहे. चित्रावर क्लिक केलं तर खिडकी उघडते, बाणावर केलं तर Data Validation, Circle Invalid Data वगैरे पर्यायांचा मेन्यू उघडतो. तिसऱ्या ओळीत "च्या चित्रावर" हे शब्द आहेत ते यासाठी. "Data Validation वर क्लिक करा" एवढंच म्हटलं तर काहींच्या पडद्यावर मेन्यू येईल आणि तिथून पुढे त्यांची गणती एका पायरीने चुकेल.

नावं पडद्यावर ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत घ्या. पडदा इंग्रजी आणि निवेदनात "माहिती पडताळणी" असं चांगलं मराठी वापरलं तर शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अर्थ सांगायचा असेल तर एकदा सांगा आणि पुन्हा पडद्यावरच्या नावाकडे या. आणि टॅबला टॅब, चौकटीला चौकट, खिडकीला खिडकी हे शेवटपर्यंत एकच ठेवा. मध्येच "बॉक्स", मग "फील्ड" म्हटलं की ती वेगळी वस्तू वाटते.

"स्क्रिप्ट फार लांब झाली"

ही तक्रार येणार, आणि ती खरी आहे. जुना परिच्छेद 33 शब्दांचा होता, नवा पहिल्या वाक्यासकट 83 शब्दांचा आहे. अठरा सेकंदांचे, मधल्या शांततेसह, साधारण 55 सेकंद होतात. कापाकापी करायचीच असेल तर क्लिकची वाक्यं जोडून करू नका, नाहीतर पुन्हा पहिल्या जागी याल. स्थिर पडद्यावरचं स्पष्टीकरण कमी करा, फायदे-तोटे सांगणारी वाक्यं काढा, "आता आपण बघूया की" यासारखी जोडवाक्यं उडवा. तेवढ्यानेही भागलं नाही तर व्हिडिओचे दोन भाग करा.

तीच क्लिकमालिका एकाच व्हिडिओत दुसऱ्यांदा आली तर सवलत घेता येते. जागा सांगायची गरज नसते, पण नाव प्रत्येक क्लिकला हवंच: "Data. Data Validation. Allow. List." चार क्लिक, चार नावं, प्रत्येक नावावर एक क्लिक. "आधी केलं तसंच करा" एवढं म्हणून पडद्यावर चार क्लिक भराभर करणं मात्र टाळा.

पुन्हा पुन्हा का बिघडतं

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, एखादं बटण हललं आणि एक वाक्य चुकलं. पूर्ण निवेदन एकाच सलग फाइलमध्ये असेल तर ते एक वाक्य बदलण्यासाठी अख्खं निवेदन नव्याने करावं लागतं, म्हणून बदल टाळला जातो किंवा मधोमध ठिगळ लावलं जातं आणि पुढचं सगळं सरकतं. यावर उपाय रेकॉर्डिंगच्या वेळीच करायचा. तक्त्याच्या प्रत्येक ओळीची आवाजाची फाइल वेगळी ठेवा आणि नाव ओळीच्या क्रमांकावरून द्या:

```
03-data-validation.wav
04-allow.wav
05-list.wav
06-source.wav
```

नवी आवृत्ती आली की पुन्हा एक मुकं रेकॉर्डिंग करा आणि तक्त्याचा फक्त "पडद्यावरचा बदल" हा रकाना त्याच्याशी ताडून बघा. जुळत नाही ती ओळ नव्याने लिहा, तेवढीच फाइल नव्याने बोला. मध्ये एखादी पायरी वाढली तर पुढचे सगळे क्रमांक बदलत बसू नका, 04 नंतर 04a घाला.

एवढं करूनही शंका असेल तर शेवटची तपासणी माणसावर करा. ज्याने हे काम कधी केलेलं नाही त्याला चित्र न दाखवता फक्त आवाज ऐकवा आणि त्याच्या समोर कोरी शीट ठेवा. तो ज्या ओळीवर "कुठे?" असं विचारेल तिथे ठिकाणाचे शब्द कमी आहेत. "झालं का?" असं विचारेल तिथे परिणामाचं वाक्य सुटलं आहे. आणि काही न विचारता भलतीकडेच क्लिक करेल तिथे एक क्लिक अजूनही दोन ओळींच्या मध्ये लपलेला आहे, मुक्या रेकॉर्डिंगची ती जागा पुन्हा फ्रेम फ्रेम करून बघावी लागेल.